कमोडपुढे स्टूल ठेवावे का?

प्रश्न : आईंना आयुष्यभर उकिडवे बसण्याची सवय. गुडघेदुखीमुळे आता कमोड वापरतात, पण पोट साफ होत नाही. पायाखाली स्टूल ठेवावे का?

उत्तर : जरूर ठेवून पाहावे. गुदाशयाला वेढणारा एक स्नायू कमोडवर ताठ बसल्यास पुरता सैलावत नाही. मार्ग वाकडाच राहतो. गुडघे कमरेच्या वर आले की तो बराच सरळ होतो.

आईंसाठी ७ इंच उंचीचे, न घसरणारे स्टूल पुरे. तळवे पूर्ण टेकवून, कोपरे मांड्यांवर ठेवून थोडे पुढे झुकावे, कुंथू नये. गुडघा दुखला किंवा पायांना मुंग्या आल्या, तर उंची कमी करावी. उठण्याआधी स्टूल बाजूला सारावे.

खुब्याचा सांधा बदललेला असल्यास आधी शल्यविशारदांना विचारावे.