बाकी बरोबर, भागाकार चूक

माझी भाची दुधनीला राहते, मधुबन धरणाच्या काठी. मी सिल्वासात. तिची मुलगी पाचवीत आहे. गणित अडलं की वहीच्या पानाचा फोटो माझ्या फोनवर येतो. परवाच्या फोटोत ८६४५ ÷ १७ होतं. पोरीचं उत्तर भागाकार ५८, बाकी ९. बरोबर उत्तर ५०८, बाकी ९. घरच्यांना वाटलं पाढा कच्चा आहे, म्हणून तिच्याकडून सतराचा पाढा पुन्हा पुन्हा लिहून घेतला. पुढचं गणित तरी तसंच चुकलं.

पाढा चुकला असता तर बहुधा बाकीही चुकली असती. बाकी बरोबर आणि भागाकारात एक अंक कमी, असं दिसलं की आधी शून्य शोधावं. मी पहिल्यांदा ताळा करते. १७ × ५८ = ९८६, त्यात ९ मिळवले की ९९५. आठ हजारांच्या जवळपासही नाही. मग वरून एकेक फेरी तपासायची. ८६ मध्ये १७ पाच वेळा, ८५ वजा, उरला १. इथवर सगळं ठीक. आता ४ खाली घेतला की १४ होतात, त्यात १७ चा भाग जात नाही, म्हणून वर शून्य द्यायचं. मगच ५ खाली घ्यायचा. फोटोत १ च्या खाली थेट १४५ होते. दोन अंक एकदम उतरले होते. चूक तिथं सुरू झाली. पुढचे १७ × ८ = १३६ आणि बाकी ९ अगदी बरोबर.

सवय पक्की आहे का, हे दुसऱ्या गणितावरून कळतं. ७३१४ ÷ १७ चं उत्तर तिनं ४३, बाकी ४ लिहिलं होतं, हवं ४३०. शेवटचा ४ खाली आला, भाग गेला नाही आणि वर शून्य द्यायचं राहिलं. म्हणजे चूक एकच, जागा वेगळी.

ही मुलगी भागाकार उजवीकडे लिहिते, त्यामुळे रिकामी जागा डोळ्यांना दिसतच नाही. तो भाज्याच्या वर, खाली घेतलेल्या अंकाच्या बरोबर डोक्यावर लिहायला लावा. ४ च्या वर काही नाही, हे तिला स्वतःला दिसेल. शिवाय आधी अंदाज विचारा: सतराच्या पाचशे पट ८५००, म्हणजे उत्तर पाचशेच्या वरच हवं.

फोटोबद्दलही सांगते. फोन पानावर सरळ धरा, कारण तिरप्या फोटोत रांगा सरकतात आणि कुठला अंक कशाखाली आहे ते कळत नाही. १ आणि ९ पुसट असले तर वजाबाकी करून पाहा: १४५ मधून जे वजा केलंय ते ९३६ असूच शकत नाही.

आणि फोटो काढण्याआधी मुलाला खोडरबर लावू देऊ नका. चुकलेली पायरी पानावर असली तरच ती सापडते.