ट्रक दारात येण्याआधी
छत्रपती संभाजीनगरहून परदेशी निघालेल्यांसाठी, आधी गेलेल्या कुटुंबांकडून

व्हिसा हातात येईपर्यंत कुणाला सांगायचं नाही, असा आपल्याकडे एक अलिखित नियम आहे. दृष्ट लागेल, नाही झालं तर चारचौघांत हसं होईल, अशी त्यामागची भीती. पण व्हिसा बहुधा उशिरा येतो, तिकीट लगेचचं निघतं आणि मग गल्लीला बातमी कळते ती सामान न्यायला आलेल्या ट्रकवरून. म्युनिक, न्यू जर्सी, टोरांटो, दुबई इथे राहणाऱ्या आपल्या कुटुंबांशी बोलताना हा एक सल अनेकांनी सांगितला. शेजारच्या काकू भांडल्या नाहीत, डब्यात दशम्या-चटणीही दिली, पण त्यानंतर स्वतःहून फोन कधी केला नाही.

म्हणून पहिलं सांगणं हे: भिंतीला भिंत लागून असलेल्या दोन घरांना आणि अगदी जवळच्या मित्रांना व्हिसाच्या आधी सांगा. ‘अजून नक्की नाही, पण प्रयत्न चालू आहेत’ एवढं पुरे. नाही झालं, तर हीच माणसं समजून घेतात. गल्लीच्या ग्रुपवर टाकायची घाई मात्र नको.

दुसरं, हॉल घेऊन केलेल्या एका जेवणावर निरोप उरकू नका. तिथे शंभर माणसं येतात, फोटो निघतात आणि कुणाशीच धड बोलणं होत नाही. जायच्या आधी पाच-सहा आठवडे संध्याकाळी एकेका घरी जाऊन बसावं. शेवटच्या आठवड्यात बॅगांचं वजन करण्यापलीकडे काही सुचत नाही, हे सगळ्यांचंच एकमत. यादीत नातेवाइकांच्या आधी ती माणसं घाला जी एरवी राहून जातात: कामाच्या मावशी, इस्त्रीवाले, मुलांना शाळेत नेणारे रिक्षावाले काका. त्यांची बाकी आधी चुकती करा आणि भेटायला वेगळ्या दिवशी जा. पैसे आणि निरोप एकाच वेळी दिले, की तो हिशेबच होतो.

सिडकोतल्या एका रो-हाऊसमधून म्युनिकला गेलेल्या कुटुंबाची गोष्ट जरा सविस्तर सांगतो. जास्तीचा कूलर, फ्रिज, पाणी साठवायचे ड्रम काढायचे होते. शेजाऱ्यांनी फ्रिज मागितला. घरातल्या बाईंनी ठरवलं होतं, की शेजारी विकायचं काही नाही. द्यायचं तर तसंच द्यायचं, नाहीतर बाहेरच्याला विकायचं. विकलेला कूलर पहिल्याच उन्हाळ्यात बंद पडला, तर तुम्ही तिकडे आणि बोल लावणारे इकडे. ड्रम मात्र त्यांनी शेजारी दिले. आपल्या शहरात नळाला पाणी काही दिवसांच्या अंतरानं येतं, त्यामुळे त्या ड्रमची किंमत कुणाला सांगावी लागली नाही. तुळसही तिथेच गेली. आता मधूनच तुळशीचा फोटो येतो, मंजिऱ्या खुडल्या का, म्हणून विचारणं होतं, आणि बोलायला निमित्त शोधावं लागत नाही.

याच घरी सासू-सासरे मागे राहिले. इथे बहुतेकांची गल्लत होते. ‘आईबाबांकडे लक्ष ठेवा हं’ असं सगळ्या गल्लीला सांगून आपण निघतो. सगळ्यांना सांगितलेलं काम कुणाचंच नसतं, आणि एकालाच सांगितलं तर त्याच्यावर कायमचं ओझं. या कुटुंबानं कामं वाटली. औषधं आणणं, बँकेत नेणं, दवाखान्यात सोबत जाणं यांसाठी पगारी माणूस ठेवला. शेजाऱ्यांकडे फक्त घराची एक किल्ली दिली आणि सोबत कागद: डॉक्टरांचं नाव, चालू गोळ्या, रक्तगट, पुण्यातल्या नणंदेचा नंबर, पाण्याची मोटार कुठून बंद होते ते. शेजाऱ्याला फोन करायचा तो गप्पांसाठी. रोज ‘बाबा उठले का बघता का’ असा फोन गेला, की समोरचा हळूहळू फोन उचलेनासा होतो.

नंबरचा घोळ बारीक वाटतो, पण त्यात माणसं तुटतात. प्रीपेड सिम नव्वद दिवस वापरलंच नाही, तर ते बंद होऊ शकतं आणि पुढे तोच नंबर दुसऱ्या कुणाला मिळतो. गुलमंडीतले आजोबा तुमच्या नावावर फोन लावतात आणि पलीकडून अनोळखी आवाज येतो. निघण्याआधी आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू करून घ्या आणि रिचार्जची तारीख इथल्या कुणावर तरी सोपवा. नवा नंबर घ्यायचाच असेल, तर तो व्हॉट्सॲपमधल्या नंबर बदलायच्या सोयीनं लावून घ्या, म्हणजे ग्रुप टिकतात. दुबईकडे जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, की तिथे व्हॉट्सॲपवर निरोप जातात पण त्यावरचे कॉल चालत नाहीत. तिथे चालणारं ॲप जायच्या आधी शेजारच्या काकांच्या फोनमध्ये घालून एकदा लावून दाखवा.

फोनची वेळ निरोप घेतानाच ठरवा. ‘बोलू कधीतरी’ म्हटलेलं बोलणं होत नाही. म्युनिकचं उदाहरण घ्या: रविवारी इथे रात्रीचे आठ, तेव्हा तिथे उन्हाळ्यात दुपारचे साडेचार असतात. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपातली घड्याळं तासभर मागे जातात आणि इथल्या आठ वाजता तिथे साडेतीन होतात. न्यू जर्सीत सकाळी नऊला लावलेला फोन इथे उन्हाळ्यात साडेसहाला, हिवाळ्यात साडेसातला वाजतो. इथल्या माणसाला ही भानगड ठाऊक नसते आणि ठाऊक असायचं कारणही नाही. तेव्हा इथली वेळ कायम ठेवायची आणि बदल तिथल्यानं सोसायचा. तरीही एखाद्या रविवारी उत्तर येईल, ‘पाणी आलंय, नंतर बोलते.’ त्याचा राग मानू नये. तुम्हीही इथे असता तर हेच केलं असतं.

मुलांच्या मैत्रीत मोठ्यांनी फार ढवळाढवळ करू नये. दोन मित्रांच्या आईवडिलांचे नंबर जवळ ठेवा, वाढदिवस लिहून ठेवा, बस. काही मैत्री वर्षभरात विरते. मोठ्यांचीही विरते. ऑफिसमधल्या सगळ्यांशी संबंध टिकवायचा हट्ट धरणारे शेवटी कुणाशीच टिकवत नाहीत.

पहिल्या सुट्टीवर आलात, की पहिल्या दोन दिवसांत गल्लीत फिरून या. नंतर नातेवाईक, लग्नं, दाताचे डॉक्टर यांत सुट्टी संपते आणि तुम्ही येऊन गेल्याचं शेजाऱ्यांना दुसऱ्याकडून कळतं, म्हणजे ट्रकचीच पुनरावृत्ती. महालक्ष्म्यांच्या दिवसांत येता आलं तर उत्तम, कारण तेव्हा प्रत्येक घराचं दार उघडंच असतं.

आणि मागे गल्लीत कुणी गेलं, तर ग्रुपवर दोन हात जोडून थांबू नका. त्याच दिवशी घरच्यांना गाठायची घाई नको, घर माणसांनी भरलेलं असतं. तेरावं झाल्यावर, पाहुणे पांगल्यावर फोन करा आणि त्यांना बोलू द्या. पुढे गावी आलात, मग सहा महिने झालेले असोत की दीड वर्ष, त्या घरी भेटायला जा. इतक्या उशिरा कसं जायचं, असा संकोच बहुतेकांना वाटला. गेलेल्यांपैकी कुणालाही त्या घरानं उशीर बोलून दाखवला नाही.