नव्या कारकुनाचा पहिला आठवडा: यादी करायला खर्च किती?

पाचोऱ्यातल्या एखाद्या सरकीच्या तेलगिरणीत कापसाच्या हंगामाआधी हिशेबासाठी कारकून घेतला, असं धरू. त्याच्यासाठीच्या सूचना चार ठिकाणी असतात: मालकांच्या व्हॉट्सॲपवर, मुनीमजींच्या वहीत, काट्यावरच्या माणसाच्या तोंडी आणि कर सल्लागाराच्या फोनवर. त्यांची दिवसवार यादी करायला काय पडतं ते पाहा.

खर्च

पगार २६,००० असलेल्या व्यवस्थापकाचा २६ दिवसांच्या हिशेबाने एक तास १२५ रुपयांचा. यादीला त्याचे चार तास धरले, तर ५०० रुपये. कागद, छपाईचे फार तर वीसेक. पुढच्या माणसाच्या वेळी अर्ध्या तासाची दुरुस्ती पुरते. उलट १५,६०० पगाराचा कारकून दीड दिवस नुसता बसून राहिला, तर ९०० रुपये गेले.

कसं करावं

प्रत्येक सूचना वेगळ्या चिठ्ठीवर लिहा आणि दुबार असतील त्या काढा. दोन सूचना एकमेकींच्या विरोधात जात असतील (मालक म्हणतात काटापावतीच्या तीन प्रती, मुनीमजी म्हणतात दोन), तर मालकांकडून एकच ठरवून घ्या. मग कोणतं काम कशावाचून अडतं ते बघून क्रम लावा.

- रुजू होण्याआधी: आधार, पॅन, बँक पासबुक, जुना यूएएन. *मुनीमजी.* आधारला मोबाइल जोडलेला आहे का, हे इथेच विचारावं.
- सोमवार: नेमणूकपत्र, हजेरी, टॅलीचं लॉगिन. *व्यवस्थापक.*
- मंगळवार: यूएएन नसेल तर 'उमंग' ॲपवर चेहरा दाखवून काढणं. *कारकून स्वतः.*
- बुधवार: काटापावती ते खरेदी नोंद. *काटेवाला.*
- गुरुवार: ईएसआयसी नोंदणी. *कर सल्लागार.*
- शुक्रवार: दहा पावत्या कारकुनाने एकट्याने चढवणं. *तपासणी मुनीमजींची.*
- शनिवार: राहिलेल्या ओळी. *व्यवस्थापक.*

ईएसआयसी दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी, २१,००० पर्यंतच्या पगाराला लागू होतं. नोंदणी रुजू झाल्यापासून दहा दिवसांत करायची असते, म्हणून गुरुवार चुकला तरी हातात थोडे दिवस राहतात. भविष्य निर्वाह निधी वीस माणसांपासून लागतो. जुना यूएएन असताना नवा काढला, तर दोन खाती होतात आणि पुढे पैसे एकत्र करण्याची खटपट मागे लागते.

कुठे चुकतं

नावाच्या रकान्यात 'ऑफिस' लिहिलं की ते काम कुणाचंच राहत नाही. एका ओळीला एकच नाव द्या आणि तो रजेवर असेल तर बदली कोण, तेही लिहा. शेजारी पुराव्याचा रकाना ठेवा: 'समजावलं' ही खूण चालत नाही, ईएसआयसीचा विमा क्रमांक किंवा तपासलेल्या पावत्यांवरची सही चालते. शनिवारी सगळ्या ओळींवर खुणा आहेत, पण पुराव्याचा रकाना रिकामा आहे, असं दिसलं तर यादी एकाच बैठकीत भरली गेली असं समजावं.