बचत गटाची महिन्याची वही कशी तपासावी

आपल्या बेळगाव-खानापूरकडच्या गावांत भाताची लावणी आली की बचत गटाकडे कर्जाची मागणी वाढते, आणि नेमक्या त्याच महिन्यात वही लिहिताना घोटाळा होतो. पैसा कुणी खाल्लेला नसतो, फक्त रक्कम चुकीच्या रकान्यात पडलेली असते. म्हणून एका बारा जणींच्या गटाचा एका महिन्याचा हिशेब आम्ही येथे नमुन्यादाखल मांडतो. वाचताना आपल्या गटाची वही शेजारी उघडून ठेवावी.

या गटात प्रत्येक सभासद दरमहा 200 रुपये बचत भरते. वीस महिने झाले, एकही हप्ता चुकलेला नाही, म्हणजे बचत 48,000 रुपये. आजवर कर्जावरचे व्याज 6,100 रुपये आणि दंड 150 रुपये जमा झाला, तर वह्या व शिक्के यांवर 250 रुपये खर्ची पडले. तेव्हा गटाचा एकूण निधी 54,000 रुपये. आता हा निधी आहे कोठे? पाच भगिनींकडे कर्जरूपाने 42,000, बँकेत 11,400 आणि पेटीत 600 रुपये. बेरीज पुन्हा 54,000 येते. निधी कशातून झाला आणि तो आज कोठे आहे, ही दोन उत्तरे एकच आली पाहिजेत. वही तपासण्याचा पाया तो हाच.

एकविसाव्या महिन्याच्या बैठकीत बचतीचे 2,400, कर्जाच्या मुद्दलाचे 5,000 आणि व्याजाचे 840 रुपये आले. एकूण जमा 8,240. त्यातून एका भगिनीला खत आणि लावणीच्या मजुरीसाठी 8,000 रुपये कर्ज दिले आणि बँकेत जाण्यायेण्याच्या भाड्यापायी 60 रुपये गेले. एकूण नावे 8,060.

अखेरची शिल्लक काढताना चिटणीसबाईंनी मागच्या निधीत जमा मिळविली, नावे रक्कम वजा केली आणि 54,180 रुपये निधी लिहिला. दिसायला हिशेब सरळ आहे, पण तो चूक आहे. ही रीत रोकडीला लागू पडते, निधीला नाही. बँक व पेटी मिळून मागची रोकड 12,000 होती. तीत 8,240 मिळवून 8,060 वजा केले की 12,180 राहतात, आणि हे बरोबर आहे. परंतु निधीच्या दृष्टीने कर्ज देणे हा खर्च नव्हे आणि मुद्दल परत येणे हे उत्पन्न नव्हे. एका कणगीतले भात दुसऱ्या कणगीत ओतले, तर घरातले भात कमीही होत नाही आणि वाढतही नाही. निधी वाढतो तो बचत, व्याज आणि दंड यांनी, आणि घटतो तो खर्चाने, किंवा एखादी सभासद आपली बचत काढून गेली तर. म्हणून 54,000 अधिक 2,400 अधिक 840 उणे 60, असा खरा निधी 57,180 रुपये.

पडताळा पाहू. कर्जाची येणे बाकी 42,000 होती. त्यातून 5,000 परत आले, 8,000 नवे दिले, म्हणजे आता 45,000. तीत रोकड 12,180 मिळविली की 57,180. चिटणीसबाईंच्या आकड्यात 3,000 कमी होते, आणि हा फरकच चूक कोठे आहे ते सांगतो, कारण दिलेले 8,000 आणि परत आलेले 5,000 यांतले अंतर नेमके 3,000 आहे. ताळा जमला नाही तर आधी फरकाची रक्कम पाहावी. बहुधा ती त्या महिन्याच्या एखाद्या नोंदीशी जुळते.

इथपर्यंत बहुतेक गट येतात आणि ताळा जमला म्हणून वही मिटतात. आमच्या मते खरी तपासणी यापुढे आहे, कारण एक चूक अशी असते की ती होऊनही ताळा तंतोतंत जमतो.

समजा, 10,000 रुपये बाकी असलेल्या एका भगिनीने बैठकीत 1,200 रुपये भरले. गटाचा दर दरमहा दरशेकडा 2 रुपये, आणि तो शिल्लक मुद्दलावर. तेव्हा यातले 200 व्याज आणि 1,000 मुद्दल. पण घाईत सगळे 1,200 मुद्दलाच्या रकान्यात लिहिले गेले. आता मुद्दल 5,200 आणि व्याज 640 दिसेल. रोकड तीच, 12,180. कर्जाची बाकी 44,800 निघेल आणि निधी 56,980 निघेल. बेरीज करून पाहा, 44,800 आणि 12,180 मिळून 56,980 च होतात! ताळा जमला, पण गटाचे 200 रुपयांचे व्याज बुडाले, आणि त्या भगिनीची बाकी 9,000 ऐवजी 8,800 लागली. उलट घडले, व्याजाच्या रकान्यात जास्त रक्कम पडली, तर तोटा कर्जदाराचा होतो, आणि तिला लिहितावाचता येत नसेल तर तो तिच्या ध्यानातही येत नाही.

ही चूक पकडण्याचा उपाय असा की व्याज किती यायला हवे होते ते वही न पाहता आधी काढावे. महिन्याच्या सुरुवातीची बाकी 42,000, शेकडा 2 प्रमाणे 840. वहीत 640 दिसले की पाचही कर्जखाती एकेक करून पाहावी. नव्या 8,000 वर या महिन्यात व्याज धरू नये. पुढच्या बैठकीत मात्र 45,000 वर 900 रुपये यायला हवेत. एखादीने व्याज भरलेच नसेल तर ते थकबाकी म्हणून तिच्या खात्यावर टिपावे, जमा व्याजात लिहू नये. नाहीतर वहीत रोकड दिसेल आणि पेटीत नसेल. दर कोणता आणि तो शिल्लक मुद्दलावर की मूळ कर्जावर, हे ठराव वहीत पाहूनच आकडेमोड करावी. तोंडी आठवणीवर जाऊ नये.

बचतीसाठी बारा जणींची पासबुके मांडून बसावे. प्रत्येकीच्या पासबुकात 4,200 आणि सर्वांची बेरीज 50,400 आली पाहिजे. कर्जदाराला तिची बाकी मोठ्याने वाचून दाखवावी आणि ती तिच्या हिशेबाशी जुळते का ते विचारावे. पुष्कळदा अशी तोंडी साक्ष आकडेमोडीपेक्षा लवकर चूक दाखविते.

रोकड मात्र कागदावर तपासून भागत नाही. पेटी सर्वांसमोर उघडून नोटा मोजाव्या. आपल्या उदाहरणात 780 निघाले पाहिजेत, कारण 600 मध्ये 8,240 आले आणि 8,060 गेले. उरलेले 11,400 बँकेच्या पासबुकात ताज्या नोंदीने दिसावेत. पासबुक तीनचार महिने भरून न घेतल्याने अनेकदा वादंग होते. बँक बचत खात्यावर बहुधा तिमाहीला व्याज टाकते, कधी एखादा आकारही कापते. ती रक्कम आपल्या वहीत नसेल तर त्या तारखेने नोंदवावी, आणि बँकेचे व्याज सभासदांच्या व्याजात मिसळू नये, नाहीतर वरचा 840 चा पडताळा बिघडेल.

नाबार्डने 1992 साली 500 गटांपासून बँकजोडणीचा प्रयोग सुरू केला, तेव्हापासून गटाला कर्ज देताना बँका गटाच्या वह्याही पाहतात. खाडाखोड केलेली वही तेथे संशय वाढविते. चूक सापडल्यास आकडा गिरवू नये, वर पांढरा रंगही लावू नये. त्यावर एक आडवी रेघ मारावी, खालचा आकडा वाचता येईल इतपतच, आणि शेजारी बरोबर आकडा लिहून अध्यक्ष व चिटणीस दोघींनी सही करावी. महिना बंद होऊन गेला असेल तर जुने पान तसेच ठेवून पुढच्या बैठकीत ठराव घ्यावा व दुरुस्तीची नोंद त्या तारखेला करावी. वरच्या उदाहरणात ती अशी होईल: मुद्दलातून 200 कमी, व्याजात 200 जास्त, कर्जदाराची बाकी 200 ने वाढली, रोकडीत फरक नाही. त्याच दिवशी त्या भगिनीच्या पासबुकातही तीच दुरुस्ती करून तिची सही किंवा अंगठा घ्यावा.