घंटाकृती वक्र आणि मुलाची उंची : झेड-गुणांक नेमके काय सांगतो?

अंगणवाडीत मुलाची उंची मोजल्यावर नोंदवहीत एक लहानसा आकडा येतो : ‘−१’, ‘−२.५’ असा. या आकड्याला झेड-गुणांक म्हणतात. पालकांना तो परीक्षेतील गुणांसारखा वाटतो, आणि उणे चिन्ह पाहून काळजी वाटते. वास्तविक हा आकडा गुण देत नाही. तो केवळ जागा दाखवितो. ही जागा कोठली, ते पाहू.

एकाच वयाच्या हजारो सुदृढ मुलांच्या उंचीची नोंद करून आलेख काढला, तर बहुतेक मुले मधोमध जमतात आणि दोन्ही बाजूंना संख्या उतरत जाते. आलेखाला उपड्या घंटेचा आकार येतो. यालाच प्रसामान्य वितरण म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली प्रसिद्ध केलेली बालवाढीची मानके अशाच मोजमापांवर उभी आहेत. ती मोजमापे भारतासह सहा देशांत घेतली गेली. त्यांनुसार पूर्ण पाच वर्षांच्या मुलग्याची सरासरी उंची ११० सेंटीमीटर आहे.

मुले सरासरीपासून साधारणतः किती दूर पसरली आहेत, याचे माप म्हणजे प्रमाण विचलन. येथे ते सुमारे ४.६ सेंटीमीटर आहे. सरासरीच्या दोन्ही बाजूंना एकेक विचलन गेलो, तर सुमारे १०५ ते ११५ सेंटीमीटर या पट्ट्यात शंभरांतील ६८ मुले येतात. दोन-दोन विचलने गेलो, तर १०१ ते ११९ मध्ये ९५ मुले येतात. तीन-तीन गेलो, तर जवळजवळ सर्वच. वक्राची दोन्ही टोके पेन्सिलीने छायांकित केली, तर दोन विचलनांपलीकडच्या प्रत्येक शेपटीत शंभरांतील सव्वादोन मुले उरतात. डावीकडील शेपटीत येणाऱ्या मुलाची वाढ खुंटलेली मानली जाते.

आता एक उदाहरण सोडवू. समजा, मुरूडच्या किनाऱ्यावरील एका वाडीत १ जून रोजी एका मुलग्याची उंची ९८.५ सेंटीमीटर भरली, आणि कागदावर त्याला त्याच दिवशी पाच वर्षे पूर्ण झाली. सरासरीतून फरक काढला : ९८.५ वजा ११० म्हणजे उणे ११.५. त्याला ४.६ ने भागले की उणे २.५ येतात. म्हणजे हा मुलगा सरासरीच्या अडीच विचलने खाली, छायांकित शेपटीत आहे. सुदृढ मुलांच्या हजारांत त्याच्याहून ठेंगणी जेमतेम सहा असतील.

परंतु येथेच थांबून जन्मतारीख विचारावी. आई-वडील वीटभट्टीवर गेले असताना जन्मलेल्या मुलाचा दाखला नसतो, आणि नाव घालताना सोयीची १ जून लिहिली जाते. आपल्यापैकी अनेकांना ही तारीख ओळखीची आहे! हा मुलगा प्रत्यक्षात सहा महिन्यांनी धाकटा असेल, तर त्याची तुलना साडेचार वर्षांच्या मुलांशी व्हायला हवी. त्या वयाची सरासरी १०६.७ आणि विचलन सुमारे ४.५. गुणांक येतो उणे १.८. उंची तीच, पण मूल शेपटीच्या बाहेर! मोजपट्टी एक सेंटीमीटर चुकली, तरी गुणांक ०.२ ने सरकतो. म्हणून एका मोजमापावर मुलाला शिक्का मारू नये. काही महिन्यांनी पुन्हा मोजावे. गुणांक स्थिर आहे की घसरतो आहे, हे पाहावे. सुदृढ मुलांतही काही या शेपटीत असतातच. आई-वडील ठेंगणे असले, तर मूलही निसर्गतः तेथे असू शकते.

मग चिंता कशाची करावी? एका मुलाऐवजी सगळा वक्र पाहावा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ मधील पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुले उणे दोनच्या खाली आढळली. सुदृढ समाजात तेथे सव्वादोन टक्केच असावीत. इतकी मुले केवळ जन्मजात ठेंगणी असू शकत नाहीत. वक्राचा पसारा तेवढाच धरला, तर शेपटीत इतकी मुले येण्यासाठी सबंध घंटाच सुमारे १.६ विचलने डावीकडे सरकलेली असली पाहिजे. पाच वर्षांच्या वयात हे अंतर सुमारे साडेसात सेंटीमीटर होते.

याचा अर्थ असा की, वाढ केवळ शेपटीतल्या मुलांची खुंटलेली नाही. नोंदवहीत ‘साधारण’ लिहिलेले, उणे १.५ वरचे मूलही कदाचित आपल्या निसर्गदत्त उंचीच्या मागे राहिले आहे. मात्र रेषेच्या वर असल्याने ते कोणाच्या यादीत येत नाही. रेषेखालच्या मुलांना वेगळा आहार देणे आवश्यकच आहे, पण घंटा मूळ जागी आणायची, तर गरोदर मातेचे पोषण, स्वच्छ पाणी आणि पहिल्या दोन वर्षांतील आहार प्रत्येक घरी पोहोचावा लागतो. झेड-गुणांक एका मुलाची जागा दाखवितो. सर्वांचे गुणांक एकत्र मांडले, म्हणजे समाजाची जागा दिसते.