साठ सेलांचा रेडिओ आणि चार सेलांचा रेडिओ

इ. स. १९५६ साली पुणे आकाशवाणी केंद्राने शेतकऱ्यांसाठी एक प्रयोग केला. पाच मराठी भाषिक जिल्ह्यांतील दीडशे गावांत त्याने श्रोतृमंडळे स्थापन केली. ठरलेल्या वेळी मंडळी रेडिओभोवती जमत, शेतीविषयक कार्यक्रम ऐकत आणि त्यावर चर्चा करीत. रेडिओ जेथे असेल तेथे श्रोत्याने जावे, अशी तेव्हाची रीत होती. पुढे पंधरा-वीस वर्षांतच ती पालटली. नाशिक जिल्ह्यातील निफाड-दिंडोरीच्या मळ्यांत दारे धरणारा शेतकरी बांधावर लहानसा रेडिओ ठेवून बाजारभाव ऐकू लागला. आता रेडिओच श्रोत्याच्या मागे जाऊ लागला. हा पालट कशाने झाला, ते आपण पाहू.

जुन्या रेडिओत निर्वात नळ्या असत. लोक त्यांना ‘व्हॉल्व्ह’ म्हणत. काचेच्या नळीतील हवा काढून घेऊन आत एक बारीक तार बसवलेली असे. ती तापली म्हणजे तिच्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडत आणि समोरच्या धातूच्या पट्टीकडे धाव घेत. वाटेत एक जाळी असे. जाळीवरील विद्युत्दाब किंचित बदलला, तरी पट्टीकडे जाणारा प्रवाह पुष्कळ बदले. एरियलने पकडलेला क्षीण संदेश जाळीला दिला, की त्याचेच मोठे रूप पट्टीच्या प्रवाहात उमटे. यालाच विवर्धन म्हणतात.

या युक्तीला दोन गोष्टी लागत: तार तापवण्यासाठी एक वीज, आणि इलेक्ट्रॉन पट्टीकडे ओढण्यासाठी उच्च दाबाची दुसरी वीज. गावात वीज नसेल, तर दोन्ही बॅटरीतून मिळवाव्या लागत. चार व्हॉल्व्हच्या एका सामान्य बॅटरी-रेडिओचा हिशेब करू. त्याच्या तारांना १.४ व्होल्ट दाबाने १२५ मिलिअँपिअर प्रवाह लागे. म्हणजे सुमारे ०.१७५ वॉट. पट्ट्यांना ९० व्होल्ट दाबाने सुमारे १० मिलिअँपिअर लागे, म्हणजे ०.९ वॉट. एकूण खर्च सुमारे १.१ वॉट झाला. आकडा लहान दिसतो. पण एका कोरड्या सेलाचा दाब केवळ १.५ व्होल्ट असतो. तेव्हा ९० व्होल्ट मिळवण्यास ६० सेल एकापुढे एक जोडावे लागत. हे साठ सेल एकाच पेटीत बांधलेले असत. ती पेटी जड असे आणि महागही पडे. रेडिओ मोठा होता तो मुख्यतः या पेटीमुळे.

२३ डिसेंबर १९४७ रोजी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत बार्डीन आणि ब्रॅटन या शास्त्रज्ञांनी जर्मेनियमच्या लहानशा स्फटिकाने विवर्धन करून दाखवले. त्यांचे सहकारी शॉकली यांनी पुढे त्याची अधिक टिकाऊ रचना योजली. हाच ट्रान्झिस्टर होय. स्फटिकात विद्युत्भार आधीच मोकळे असतात. ते तार तापवून बाहेर काढावे लागत नाहीत. त्यांना निर्वात पोकळीही ओलांडावयाची नसते. त्यांची वाट केसाहूनही बारीक थरातून जाते. म्हणून ९० व्होल्टची गरज उरत नाही. मधल्या थराला दिलेला अल्प प्रवाह मोठ्या प्रवाहाचे नियमन करतो. जाळीचे काम तो थर करतो.

आता नव्या रेडिओचा हिशेब पाहा. त्यात चार सेल बसतात; दाब ६ व्होल्ट. आवाज हळू ठेवला, तर प्रवाह सुमारे १५ मिलिअँपिअर लागतो. म्हणजे खर्च ०.०९ वॉट, जुन्याच्या सुमारे बाराव्या हिश्श्याइतका. साठ सेलांची पेटी गेली, आणि तिच्याबरोबर रेडिओचे ओझेही गेले. १९५४ साली अमेरिकेत चार ट्रान्झिस्टरचा खिशात मावणारा रेडिओ विक्रीस आला.

मात्र या नव्या साधनाला उन्हाचे वावडे होते. जर्मेनियमचे तापमान सुमारे दहा अंशांनी वाढले, की त्यातून नको असलेला प्रवाह जवळजवळ दुप्पट होई. वैशाखात बांधावर उन्हात ठेवलेला रेडिओ म्हणूनच घोगरा बोलू लागे आणि सेलही लवकर संपत. सावलीत ठेवून थोड्या वेळाने आवाज सुधारला, तर दोष उष्णतेचा समजावा. गार होऊनही आवाज क्षीणच राहिला, तर सेल तपासावेत. सेल उलटे बसवले, तर ट्रान्झिस्टर कायमचा निकामी होण्याचाही धोका असे. व्हॉल्व्हची तार तुटली, तर ती तापून लाल झालेली दिसत नसे, आणि त्यावरून दोष कळे. ट्रान्झिस्टर बाहेरून चांगला आणि बिघडलेला सारखाच दिसतो. दोष मोजमापानेच शोधावा लागतो.

पुढे जर्मेनियमची जागा सिलिकॉनने घेतली. सिलिकॉनमध्ये नको असलेला प्रवाह फारच थोडा असतो, म्हणून त्याचा ट्रान्झिस्टर अधिक उष्णता सोसतो. व्हॉल्व्हला काम करण्यासाठी उष्णता लागे; ट्रान्झिस्टरला तीच उष्णता नकोशी होती. एवढ्या एका फरकामुळे रेडिओ फळीवरून उतरला आणि शेताच्या बांधावर गेला.