कर्जाचे मंजुरी पत्र : सही करण्यापूर्वी तीन रकाने मांडा

बँकेतून मंजुरी पत्र हाती आले की कर्जदाराची नजर पहिल्यांदा रकमेवर जाते आणि दुसऱ्यांदा व्याजाच्या दरावर. बाकीच्या अटी बारीक अक्षरांत असतात. त्यांच्या खाली ‘वाचले व मान्य’ अशी सही आपण करून टाकतो. आमचे सांगणे असे की सही करण्यापूर्वी एक कोरा कागद घ्यावा व त्यावर तीन रकाने पाडावेत. पहिल्यात किती कापले जाणार, दुसऱ्यात काय अडकणार आणि तिसऱ्यात केव्हा फेडायचे. पत्रातील प्रत्येक अट यांपैकी कोणत्या ना कोणत्या रकान्यात लिहावी. जी अट कोठेच बसत नाही, तिचा अर्थ बँकेला विचारावा.

उदाहरणादाखल लोणावळ्याजवळच्या भुशी येथील एक दुकानदार घेऊ. चिक्की, चहा आणि भजी असा त्यांचा धंदा. भुशी धरण भरून वाहू लागले की गर्दी होते, म्हणजे वर्षाची खरी कमाई जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. समजा, त्यांनी फ्रीझर, भट्टी व काउंटर यांसाठी ५ लाख रुपयांचे कर्ज मागितले. ते दरसाल १२ टक्के घटत्या शिलकीवरील व्याजाने ३६ महिन्यांसाठी मंजूर झाले. मासिक हप्ता १६,६०७ रुपये.

पहिला रकाना : किती कापले जाणार

पत्रात प्रोसेसिंग फी दीड टक्का आहे, म्हणजे ७,५०० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी १,३५० रुपये. कागदपत्रे व तपासणी यांचा खर्च ४,१५० रुपये आणि कर्जदाराच्या विम्याचा एकरकमी हप्ता १२,००० रुपये. बेरीज २५,००० रुपये. ही रक्कम आधीच कापली गेली तर दुकानदाराच्या हाती ४ लाख ७५ हजारच पडतात. हप्ता मात्र पूर्ण ५ लाखांवर बसतो. हाती आलेल्या रकमेवर हिशेब केला तर १२ टक्क्यांचे हे कर्ज प्रत्यक्षात सुमारे १५.६ टक्क्यांना पडते. म्हणूनच दोन बँकांची तुलना नुसत्या व्याजदरावरून करू नये.

हा हिशेब आता कर्जदाराने स्वतः करण्याची गरज नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे १ ऑक्टोबर २०२४ पासून छोट्या उद्योगांच्या नव्या मुदत कर्जांना ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ नावाचा कागद देणे बंधनकारक आहे. तो कर्जदाराला समजेल अशा भाषेत असावा लागतो. फी व विमा धरून येणारा वार्षिक दर त्यात ‘एपीआर’ या नावाने असतो. विचार करायला किमान तीन कामाचे दिवस मिळतात. या कागदात नसलेली फी पुढे कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. तेव्हा मंजुरी पत्र व हा कागद शेजारी ठेवून फीची एकेक ओळ जुळवावी. विमा सक्तीचा आहे की ऐच्छिक, हेही लेखी विचारावे.

दुसरा रकाना : काय अडकणार

तारणाच्या अटी तीन प्रकारच्या असतात आणि एकाच परिच्छेदात त्यांची सरमिसळ झालेली असते. कर्जातून घेतलेली यंत्रे व माल बँकेच्या नजरगहाणात राहतात. ताबा आपला, पण बँकेला न विचारता ते विकता येत नाहीत. हे रास्त आहे. दुसरा प्रकार घर किंवा जमीन गहाण ठेवण्याचा. तिसरा जामीनदाराचा. जामीनदार म्हणजे नुसता ओळखीचा साक्षीदार नव्हे. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे करारात वेगळे ठरले नसेल तर त्याची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. भावाला किंवा मेहुण्याला सहीसाठी नेण्यापूर्वी हे त्याला सांगावे.

आमच्या उदाहरणातील पत्रात यंत्रांसोबत राहते घरही लिहिले आहे असे समजा. येथे थांबावे. सूक्ष्म व लघु उद्योगांना एवढ्या रकमेच्या कर्जासाठी व्यापारी बँकांनी वेगळे तारण मागू नये, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. उद्यम नोंदणीचा दाखला जोडून घराची अट वगळण्याची लेखी विनंती करावी. अशा कर्जाला बँक पत हमी योजनेचे संरक्षण घेते व तिची फी लावली तर ती पहिल्या रकान्यात लिहावी.

मोठ्या कर्जासाठी घर द्यावेच लागले तर ते कोणाच्या नावावर आहे हे आधी पाहावे. पुष्कळ घरे अजून मरहूम वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर असतात. त्यात आई व बहिणींचाही वाटा असतो. आपण फक्त आपलाच वाटा गहाण टाकू शकतो. भुशीच्या दुकानदारांसाठी आणखी एक गोष्ट : धरण रेल्वेचे आहे आणि जुलै २०२४ मध्ये त्या परिसरातील अतिक्रमण ठरलेल्या टपऱ्या हटवण्यात आल्या. ज्या जागेचा कागद आपल्याजवळ नाही, तिच्यावरील बांधकामात कर्जाचा पैसा गुंतवू नये. टपरी गेली तरी हप्ता राहतो.

‘सध्याच्या व भविष्यातील सर्व देण्यांसाठी’ असे शब्द तारणाच्या अटीत दिसले तर या कर्जाची फेड झाल्यावरही दुसऱ्या देण्यापायी कागद अडकू शकतात. तारण फक्त याच कर्जापुरते ठेवावे, अशी दुरुस्ती मागावी.

तिसरा रकाना : केव्हा फेडायचे

दरमहा १६,६०७ म्हणजे वर्षाला सुमारे २ लाख रुपये. नोकरदाराला हे जमते. पावसावर चालणाऱ्या दुकानाला फेब्रुवारी ते मे हाच हप्ता जड जातो. ९० दिवसांहून अधिक थकबाकी राहिली की खाते अनुत्पादक ठरते आणि पुढचे कर्ज मिळणे कठीण होते. म्हणून परतफेडीचे वेळापत्रक कमाईप्रमाणे मागावे. चार महिने ३०,००० व आठ महिने १०,००० धरले तरी वर्षाला २ लाखच होतात. पहिल्या महिन्याचे व्याज ५,००० रुपये असल्यामुळे १०,००० च्या हप्त्यात थोडे मुद्दलही फिटते. बँक हे मान्य करीलच असे नाही, परंतु विचारण्याची वेळ सही करण्यापूर्वीचीच आहे.

मोठे हप्ते कोणत्या महिन्यांत ठेवावेत? जून ते सप्टेंबर असे आपण पटकन म्हणू. पण ३० जून २०२४ रोजी भुशी धरणामागील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. त्यानंतर जिल्हा प्रशासनाने पर्यटनस्थळांवर निर्बंध घातले. ऐन मोसमात गिऱ्हाईक थांबले आणि जूनमध्येच ३०,००० द्यायचे असले तर दुकानदार अडचणीत येतो. मोठे हप्ते ऑगस्ट ते नोव्हेंबर ठेवले तर कमाई आधी आणि भरणा नंतर असा क्रम राहतो.

सुरुवातीला तीन महिने हप्ता नाही, अशी सवलत असली तर त्या काळातील व्याजाचे काय, ते पाहावे. ते मुद्दलात मिळवले तर ५ लाखांचे सुमारे ५ लाख १५ हजार होतात. उशीर झाल्यास लागणारा दंड हा आकार म्हणून घेता येतो. त्यावर पुन्हा व्याज चढवता येत नाही. दंडाचा दर तिसऱ्या रकान्यात लिहावा.

तिन्ही रकाने भरले की त्या कागदाची एक प्रत मंजुरी पत्राला टाचून घरी ठेवावी. कर्ज पूर्ण फिटल्यावर मूळ कागदपत्रे परत मिळाली पाहिजेत. वैयक्तिक कर्जांसाठी तीस दिवसांची मुदत आणि बँकेच्या कारणाने उशीर झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई असा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे. त्या दिवशी काय काय परत मागायचे, याची यादी दुसऱ्या रकान्यात तयारच असेल.